घराचा थर्मल फोटो कसा वाचायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये जानेवारीची थंडी पडली की माझ्या फोनवर जांभळे-केशरी फोटो यायला लागतात. कुणी कॅमेरा मागून आणलेला असतो, कुणी फोनला लावायचं यंत्र विकत घेतलेलं असतं. फोटोखाली प्रश्न बहुधा एकच: "आमचं घर किती वाईट आहे?" त्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. उदाहरणासाठी एकच घर घेतलंय: लंडनजवळच्या स्लाउमधलं, १९३०च्या दशकातलं, एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं, एका मराठी कुटुंबाचं. नावं सांगत नाही, आकडे सांगतो.

लाल म्हणजे उष्णता गळते आणि निळं म्हणजे ठीक, एवढंच ना?

तेवढंच असतं तर बरं झालं असतं. आधी फोटो कुठून काढलाय ते बघा. थंडीत बाहेर उभं राहून काढलेल्या फोटोत जिथून उष्णता निसटते ती जागा आजूबाजूपेक्षा ऊबदार दिसते. तोच दोष खोलीत उभं राहून पाहिला तर उलटा, म्हणजे थंड दिसतो, कारण तिथली ऊब भिंतीत टिकत नाही. म्हणून आतल्या फोटोत गडद निळा कोपरा शोधायचा आणि बाहेरच्या फोटोत उजळ डाग. फोटो पाठवताना आतला की बाहेरचा हे लोक लिहीत नाहीत आणि मग अर्धा तास उलट्या दिशेने बोलणं चालतं.

शिवाय कॅमेरा रंग बघतच नाही. त्याला प्रत्येक ठिपक्यासाठी एक आकडा मिळतो आणि त्या आकड्याला रंग द्यायचं काम पॅलेट करतं. पॅलेट बदललं की तीच भिंत पिवळ्याची करडी होते. मी स्वतः आधी करड्या पॅलेटमध्ये बघतो. इंद्रधनुषी पॅलेटमध्ये हिरव्याचा पिवळा होतो तिथे डोळ्याला एक रेघ दिसते, प्रत्यक्षात तिथे तापमान सावकाश उतरत असतं.

मग फोटोत सगळ्यात आधी काय बघायचं?

कडेची पट्टी. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दोन आकडे असतात. ते वाचल्याशिवाय फोटोबद्दल एक शब्द बोलू नये.

बहुतेक कॅमेरे विकत घेतल्यावर स्वयंचलित स्केलवर असतात. चौकटीत जे सर्वांत ऊबदार आहे त्याला पांढरा किंवा लाल, जे सर्वांत थंड आहे त्याला काळा किंवा निळा, आणि मधले रंग मधल्या आकड्यांना. उत्तम बांधलेल्या भिंतीवर कॅमेरा धरला आणि तिच्यात १८ ते १९ अंश एवढाच फरक असला, तरी कॅमेरा त्या एका अंशात अख्खं इंद्रधनुष्य बसवतो. फोटो भयंकर दिसतो, भिंत मात्र निर्दोष असते. याच्या उलटही होतं. चौकटीत कुठेतरी गरम रेडिएटर किंवा दिवा आला की स्केल ५० अंशांपर्यंत ताणलं जातं आणि चार अंशांचा खरा दोष एकाच रंगात बुडून जातो.

उपाय सोपा आहे. मेन्यूमध्ये लेव्हल आणि स्पॅन, म्हणजे स्केलचा मध्य आणि रुंदी, हाताने ठरवायची सोय असते. थंडीतल्या घरात आतून बघताना मी साधारण ८ ते २२ अंश ठेवतो आणि सगळ्या खोल्या त्याच स्केलवर काढतो. मग स्वयंपाकघरातला निळा आणि बेडरूममधला निळा एकच असतो आणि दोन फोटो शेजारी ठेवून काही म्हणता येतं. तुमच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर रंग विसरा आणि मधल्या फुलीखालचे आकडे कागदावर लिहून घ्या.

कॅमेऱ्याला भिंतीच्या आतलं दिसतं का?

नाही. भिंतीतलं पाणी, पाइप, पोकळी यातलं काहीच त्याला दिसत नाही. प्रत्येक पृष्ठभाग स्वतःच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकतो. कॅमेरा त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण पकडतो आणि त्यावरून पृष्ठभागाचं तापमान काढतो. आत काय आहे हा अंदाज असतो आणि तो आपण करायचा असतो.

जाता जाता: हे किरण खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला १८०० साली सापडले तेही स्लाउमध्येच. प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हतं, तिथे त्याने थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. आमच्या या घराच्या गावाचा तेवढा मान.

तापमान काढताना कॅमेरा एक गोष्ट गृहीत धरतो: पृष्ठभाग किती चांगला उत्सर्जक आहे. वीट, प्लास्टर, रंग, लाकूड, कागद यांची उत्सर्जकता ०.९ ते ०.९५च्या आसपास असते, त्यामुळे तिथले आकडे विश्वासाचे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची ०.०५ च्या आगेमागे असते. म्हणजे त्यावर दिसणारं जवळजवळ सगळं समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब असतं. रेडिएटरमागे लावलेली चंदेरी फॉइल, स्टीलची चिमणी, धातूचं हँडल यांचे आकडे वाचायचेच नाहीत.

फोटो काढायची योग्य वेळ कोणती?

थंडीतली पहाट, सूर्य उगवायच्या आधी. आत-बाहेर निदान १० अंशांचा फरक हवा, भिंती कोरड्या हव्यात आणि वारा मंद हवा.

उन्हाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण फसगत इथेच होते. विटेची भिंत दिवसभर ऊन पिऊन घेते आणि ते तासन्‌तास सोडत राहते. संध्याकाळी सातला पश्चिमेची भिंत लालबुंद दिसली तर ते दुपारचं ऊन असतं, तुमच्या हीटिंगचा त्यात काही वाटा नसतो. पावसाने भिजलेली भिंत उलट फसवते. पाणी वाळताना भिंत गार होते आणि खरी गळती झाकली जाते.

स्लाउच्या घराचा पहिला फोटो घरमालकांनी स्वतःच काढला होता. संध्याकाळी सात, रस्त्यावरून, स्वयंचलित स्केलवर. दिवस उन्हाचा, रात्र निरभ्र. फोटोत अख्खी दर्शनी भिंत लाल आणि खिडक्या गडद निळ्या. वहिनींनी निष्कर्ष काढला, "खिडक्या उत्तम आहेत, भिंतीच वाया गेल्यात." दोन्ही चुकलं होतं. कसं ते पुढच्या उत्तरांत.

बाहेरून काढावा की आतून?

दोन्ही काढा, पण विश्वास आतल्यावर ठेवा. याचं कारण आकड्यांत बघू. आम्ही स्वतः गेलो त्या पहाटे आत २० अंश होते आणि बाहेर २, म्हणजे फरक १८चा.

भिंतीच्या आतल्या पृष्ठभागालगत हवेचा एक पातळ थर अडून असतो. उष्णता भिंतीत शिरताना त्याचा अडथळा होतो. प्रमाणित हिशोबात हा अडथळा आत ०.१३ धरतात आणि बाहेर, वाऱ्यामुळे, फक्त ०.०४. भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला जितके वॅट जातात त्याला यू-मूल्य म्हणतात. आतल्या पृष्ठभागाचं तापमान खोलीपेक्षा किती कमी असेल ते काढायचं तर यू-मूल्य गुणिले ०.१३ गुणिले १८. बाहेरचा पृष्ठभाग हवेपेक्षा किती ऊबदार असेल ते काढायचं तर यू-मूल्य गुणिले ०.०४ गुणिले १८.

आता दोन भिंती घ्या. दोन थरांच्या विटांमधली पोकळी इन्सुलेशनने भरली असेल तर यू-मूल्य साधारण ०.५, रिकामी असेल तर साधारण १.५. आतून बघितलं तर भरलेली भिंत १८.८ अंश दिसेल आणि रिकामी १६.५. फरक २.३ अंशांचा, सहज दिसणारा. बाहेरून भरलेली २.४ दिसेल आणि रिकामी ३.१. फरक जेमतेम पाऊण अंश. एवढा फरक वाऱ्याच्या एका झुळकेने किंवा भिंतीवर राहिलेल्या उन्हाच्या उबेने पुसला जातो. बाहेरचे फोटो दिसायला नाट्यमय असतात, म्हणून जाहिरातीत तेच येतात.

बाहेरून खिडक्या इतक्या थंड का दिसतात?

कारण काचेत आकाश दिसतं. अवरक्त किरणांना काच आरपार जाऊ देत नाही. थोडे परावर्तित करते. निरभ्र रात्रीचं आकाश कॅमेऱ्याला शून्याखाली कितीतरी अंश थंड दिसतं आणि त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं. वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यांपेक्षा थंड दिसतात त्याचंही कारण बहुधा हेच, त्यांना आकाश जास्त दिसतं.

ओळखायची खूण: दोन पावलं बाजूला सरका. डाग तुमच्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब. खरा दोष जागचा हलत नाही. आतून काचेचा फोटो घेताना काचेत एक ऊबदार माणूस दिसला तर घाबरू नका, तो तुम्हीच असता.

काचेचं तापमान हवंच असेल तर आतून काचेवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा, दहा मिनिटं थांबा, थोडं तिरकं उभं राहा आणि टेपवरचा आकडा वाचा. स्लाउच्या घरात टेपवर १३.४ आले. वरचाच हिशोब उलटा केला की यू-मूल्य २.८ निघतं: जुनी, साधी दुहेरी काच. नवी चांगली दुहेरी काच १.४ ची असते आणि त्याच पहाटे ती १६.७ दाखवेल. तेव्हा "उत्तम" खिडक्या मुळीच उत्तम नव्हत्या.

बाहेरच्या फोटोत छपराच्या खाली, भिंतीच्या वरच्या बाजूला उजळ पट्टा दिसतो. लॉफ्टमधून, म्हणजे छपराखालच्या माळ्यातून, गळती आहे का?

बहुतेक वेळा नाही. उघडी भिंत रात्री आकाशाकडे उष्णता टाकत गार होते. छपराच्या पुढे आलेल्या भागाखालच्या भिंतीला आकाश दिसत नाही, म्हणून ती थोडी ऊबदार राहते. रस्त्यावरच्या सगळ्या घरांना तसाच पट्टा असेल तर सोडून द्या. तुमच्याच घराला असेल, किंवा पट्ट्याचा एखादाच तुकडा जास्त उजळ असेल, तर आत जाऊन त्याच जागी छताचा कोपरा बघा.

आतल्या फोटोत थंड डाग दिसला. कारण कसं ओळखायचं?

आकारावरून. तापमानापेक्षा डागाची कड जास्त बोलते, आणि माझा निम्मा वेळ कडा बघण्यातच जातो.

सरळ रेषांचा, चौकोनी, कड बऱ्यापैकी स्पष्ट असलेला थंड भाग म्हणजे तिथे इन्सुलेशन नाही. स्लाउच्या घरात वरच्या बेडरूमच्या खिडकीखाली असा दीड चौरस मीटरचा चौकोन होता. बाकी भिंत १८.७, चौकोन १६.५. रेडिएटर आतल्या भिंतीवर होता, त्यामुळे त्याची ढवळाढवळ नव्हती. पूर्वी कधीतरी बाहेरून भोकं पाडून पोकळीत इन्सुलेशनची लोकर फुंकली होती आणि खिडकीखाली ती पोचलीच नव्हती. हा आकडा वरच्या हिशोबातल्या रिकाम्या पोकळीशी तंतोतंत जुळतो. एरवी एवढं जुळत नाही. दोन आकड्यांच्या मधलं काही आलं तर लोकर खाली बसली असेल असं समजायचं आणि एका विटेच्या सांध्यात बारीक भोक पाडून आत बघायचं.

भिंतीत अशी पोकळी आहे का, हे कॅमेऱ्याआधी विटांवरून कळतं. बाहेर सगळ्या विटांच्या लांब बाजू दिसत असतील तर बहुधा पोकळ भिंत. मध्येमध्ये विटांची आखूड टोकं दिसत असतील तर बहुधा भरीव भिंत, आणि तिच्यात भरण्यासारखं काही नसतं.

छतावर समांतर पट्टे दिसले तर ते लाकडी वासे. इथे मजा आहे. वाशांचे पट्टे मधल्या भागापेक्षा थंड असतील तर वाशांमध्ये लोकर आहे, कारण लाकूड लोकरीपेक्षा जास्त उष्णता जाऊ देतं. पट्टे मधल्या भागापेक्षा ऊबदार असतील तर मध्ये काहीच नाही, नुसत्या प्लास्टरबोर्डपेक्षा लाकूड बरं. एकाच छतात पट्टे मधेच उलटे झाले तर त्या जागेवरची लोकर कुणीतरी उचलली आहे. बहुधा दिव्याची वायर ओढायला आलेल्या माणसाने.

छत आणि बाहेरची भिंत मिळते तिथे पाचरीसारखा थंड आकार, कड विरत गेलेली, हे इंग्लंडच्या घरांत सगळ्यात जास्त दिसतं. लॉफ्टमधली लोकर कडेपर्यंत सरकवलेली नसते, कारण तिथे पोटावर सरपटत जावं लागतं. आमच्या घरातही दर्शनी बाजूला तीच पाचर होती आणि कोपऱ्यात आकडा १२.६ होता.

पिसासारखे, बोटांसारखे फुटलेले फराटे, स्कर्टिंगपासून वर किंवा दारापासून आत पसरलेले: ही थंड हवा आत येते आहे. आणि ओबडधोबड, नकाशासारखा डाग असेल तर ओल. पाणी वाळताना जागा गार होते म्हणून ती दिसते. पण ओल असल्याचं कॅमेऱ्यावरून कधीही जाहीर करू नका. ओल मोजायचं यंत्र टेकवा, ते नसेल तर हाताने चाचपा, पाऊस पडून गेल्यावर पुन्हा बघा.

हवा आत येते आहे की इन्सुलेशन नाही, याची घरच्या घरी परीक्षा आहे का?

आहे, आणि ती फुकट आहे. सगळ्या खिडक्या बंद करा, एकदा सगळे संशयित कोपरे टिपून घ्या. मग स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पूर्ण वेगाने चालू करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि तेच फोटो त्याच जागेवरून पुन्हा काढा. पंखे हवा बाहेर ढकलतात, तेवढी बाहेरची थंड हवा फटींतून आत ओढली जाते. जो डाग वाढला किंवा ज्याला नवे फराटे फुटले ती हवेची फट. जो जसाच्या तसा राहिला तिथे इन्सुलेशनची भानगड.

स्लाउला कोपऱ्यातली पाचर हललीही नाही. मात्र लॉफ्टमध्ये जायच्या झाकणाची कड १६ वरून १३ अंशांवर आली आणि फराटे छतावर हातभर पसरले. झाकणाखाली फोमची पट्टी चिकटवायला काही पाउंड लागतात.

एक सावधगिरी. घरात उघडी शेकोटी, लाकडाची चूल किंवा खोलीतली हवा वापरणारा गॅस हीटर पेटलेला असताना ही परीक्षा करू नका. पंखा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड उलटा खोलीत ओढू शकतो. व्यावसायिक लोक दारात मोठा पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कलचा दाब-फरक करतात, तेव्हाही हे सगळं आधी बंद केलेलं असतं.

किती अंश थंड म्हणजे काळजी करायची?

नुसत्या अंशांवर ठरवता येत नाही, कारण बाहेर उणे पाच असताना प्रत्येक भिंत जास्त थंड दिसणार. म्हणून एक गुणोत्तर वापरतात: पृष्ठभागाच्या तापमानातून बाहेरचं तापमान वजा करा, आणि त्याला आत-बाहेरच्या फरकाने भागा. उत्तर १च्या जवळ असेल तर पृष्ठभाग खोलीइतका ऊबदार, ० च्या जवळ असेल तर बाहेरइतका थंड. ब्रिटनमध्ये राहत्या घरासाठी बुरशी टाळायची मर्यादा ०.७५ धरतात.

आमच्या कोपऱ्याचं उत्तर: १२.६ वजा २, म्हणजे १०.६, भागिले १८, ०.५९. सपशेल नापास.

हे ०.७५ आलं कुठून ते समजून घेतलं की आकडा लक्षात राहतो. त्या दिवशी खोलीत आर्द्रता ६० टक्के होती. २० अंशांची ती हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की दव पडतं, काचेला येतो तसा घाम. पण बुरशीला दव लागत नाही. पृष्ठभागालगत आर्द्रता ८० टक्के राहिली तरी तिचं भागतं, आणि या हवेसाठी ती वेळ १५.४ अंशांनाच येते. आता ०.७५ वरून उलटा हिशोब करा: १८ गुणिले ०.७५ अधिक २, म्हणजे १५.५. दोन्ही एकाच जागी येतात. म्हणून कोपऱ्याला पाण्याचा थेंब नसतानाही काळे ठिपके उगवत होते आणि घरातले लोक "ओल कुठेच नाही मग हे कसं" म्हणत दर महिन्याला ब्लीचने पुसत होते. त्यात कपडे खोलीत वाळत घातलेले, डाळ-भाताची वाफ आणि पंखा बंद. मग आर्द्रता ७० टक्क्यांवर जाते आणि १६.५ अंशांची खिडकीखालची भिंतही पंगतीला येऊन बसते.

सगळ्यात भडक दिसणारी जागा दुरुस्त केली की बिल कमी होईल?

थोडंसं. फोटोवरून जागा कळते, किती उष्णता जाते ते कळायला क्षेत्रफळ लागतं. या घराचा हिशोब: बाहेरच्या भिंती ७० चौरस मीटर, यू-मूल्य ०.५, फरक १८ अंश, ६३० वॅट. खिडक्या १२ चौरस मीटर, यू-मूल्य २.८, ६०५ वॅट. खिडकीखालचा तो रिकामा चौकोन दीड चौरस मीटर, यू-मूल्य १.५, ४० वॅट.

म्हणजे आतल्या फोटोत ज्या भिंतींकडे कुणी ढुंकून बघितलं नाही त्यांच्यातूनच सगळ्यात जास्त उष्णता जात होती, आणि ज्या चौकोनावर सगळ्यांनी बोट ठेवलं त्यातून एका जुन्या बल्बइतकी. चौकोन आणि कोपरा दुरुस्त करायचं कारण बुरशी आहे. खिडक्या बदलल्या तर ३०० वॅट वाचतील, पण खर्च हजारो पाउंडांचा, तेव्हा त्या कुजल्या किंवा दोन काचांच्या मध्ये धुकं साचलं की बदलाव्यात असं मी त्यांना सांगितलं. आधी कोपरा, मग झाकण, मग चौकोन.

फोनला लावायचा स्वस्त कॅमेरा चालेल का?

घरात आतून बघायला चालेल. दोन मर्यादा ओळखून वापरा. पहिली, बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे २ अंश लिहिलेली असते. एकाच फोटोतल्या दोन जागांची तुलना याहून कितीतरी बारीक करता येते, पण "भिंत नेमकी १६.५" हे ठासून सांगायचं तर शेजारी साधा थर्मामीटर टेकवून ताडा.

दुसरी, ठिपक्यांची संख्या. समजा कॅमेऱ्याला आडवे १६० ठिपके आहेत आणि ५० अंशांचा कोन दिसतो. १० मीटरवरून त्यात सुमारे सव्वानऊ मीटर रुंदी मावते, म्हणजे एका ठिपक्यात सुमारे ६ सेंटिमीटर. खात्रीचा आकडा मिळायला निदान तीन बाय तीन ठिपके हवेत, म्हणजे जवळजवळ १८ सेंटिमीटरची जागा. रस्त्यावरून खिडकीच्या ७ सेंटिमीटरच्या चौकटीचं तापमान त्यात येणारच नाही, येईल ती चौकट, काच आणि वीट यांची खिचडी. फोटो मात्र रेखीव दिसेल, कारण कॅमेरा साध्या फोटोतल्या कडा वर चढवतो. तो रेखीवपणा उसना असतो.

दुरुस्तीनंतर फोटो काढला, पण त्या दिवशी थंडी कमी होती. तुलना कशी करू?

तेच गुणोत्तर काढा. आमच्या घरात लॉफ्टची लोकर कडेपर्यंत सरकवली. छपराखालून हवा खेळायला सुमारे ५ सेंटिमीटर फट मोकळी ठेवली, कारण ती बुजली तर लॉफ्टमधली लाकडं भिजतात. तीन आठवड्यांनी पहाटे पुन्हा गेलो. बाहेर ४, आत १९, कोपरा १५.६. गुणोत्तर: ११.६ भागिले १५, म्हणजे ०.७७. आधीचं ०.५९. बाहेरच्या हवेचा यात संबंध उरत नाही. फोटो आधीच्याच स्केलवर, आधीच्याच जागी उभं राहून काढा.

पुण्यात किंवा मुंबईत याचा उपयोग आहे का?

आहे, पण दिशा उलटी. एप्रिलमध्ये पुण्यात वरच्या मजल्यावर उष्णता स्लॅबमधून आत येते, तेव्हा आतल्या छतावर उजळ भाग शोधायचे. काँक्रीटला तापायला वेळ लागतो, त्यामुळे छत दुपारी बारापेक्षा संध्याकाळी जास्त तापलेलं दिसतं. गच्चीवर पांढरा रंग दिला त्याचा फरक बघायचा असेल तर दोन्ही फोटो संध्याकाळी एकाच वेळेला काढा. एसी चालू असताना खिडकीच्या कडेला उजळ फराटे दिसले तर बाहेरची गरम हवा आत येते आहे.

मुंबई-पुण्यात कॅमेरा जास्त वापरला जातो तो गच्चीतून किंवा वरच्या बाथरूममधून झिरपणारं पाणी शोधायला. तिथे आत-बाहेर तापमानात फारसा फरक नसतो, दिसतो तो फक्त वाळताना गार झालेला डाग, आणि भर पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की वाळणं थांबतं आणि डाग फोटोतून नाहीसा होतो. वरच्या बाथरूमवर संशय असेल तर पाऊस थांबल्यावर तिथे तासभर पाणी साचवून ठेवा आणि खालच्या छताचा फोटो आधी एकदा आणि नंतर दर दोन तासांनी काढा.